रजेला कारण कशाला?

विपश्यनेच्या शिबिराला जायचं तर ऑफिसात काय सांगायचं, असं आजवर चार-पाच जणींनी मला विचारलंय. प्रत्येकीला कुणीतरी शहाण्यानं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं असतं: "आजारी आहे म्हण, नाहीतर गावाकडं लग्न आहे म्हणून सांग." या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. शिबिरात पहिल्या संध्याकाळी पंचशील घ्यायचं, त्यात खोटं न बोलण्याचं शील, आणि तिथं पोचायची रजाच खोटी! शिवाय हे निभतही नाही. आजारी माणसाचा फोन बारा दिवस बंद लागला की मालक घरी माणूस पाठवतो.

खरं सांगणाऱ्याही कमी गोंधळ घालत नाहीत. 'मनःशांती', 'अंतर्मुख होणं' असलं काहीतरी अर्जात लिहितात. मालकाला वाटतं, बाई नोकरी सोडणार किंवा घरात काही भानगड झालीय. त्याला विपश्यना ठाऊक नाही, यात त्याचा काही दोष नाही. त्याला कळायला हवं ते एवढंच, की तुम्ही कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत नाही आणि तुमचं काम कोण बघणार.

माझी भाची उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते. हातकणंगल्याजवळ आळत्याला केंद्र आहे. बाहुबलीला जाणाऱ्यांना तो भाग चांगला माहीत आहे. तिथल्या मे महिन्यातल्या शिबिरासाठी तिनं नाव दिलं आणि जागा पक्की झाल्यावरच साहेबांकडं गेली. तोंडी म्हणाली, "दहा दिवस पाहिजेत." इथंच पहिली चूक. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या दिवशी दुपारी हजर व्हावं लागतं आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी. म्हणजे २१ मे ते १ जून, बारा दिवस. दोन रविवार वजा केले तर कामाचे दहा. हे तारखांसकट लिहिलं नाही, तर अकराव्या दिवशी "आली का नाही?" म्हणून आरडाओरडा ठरलेला.

साहेब म्हणाले, "पाच दिवस आत्ता जा, पाच दिवाळीत." होत नाही तसं. नवीन माणसाला सगळं शिबिर सलगच करावं लागतं, मधेच उठून यायचं नाही. हेही अर्जात एका ओळीत लिहायला हवं.

खरी अडचण मौनाची नाही, फोनची आहे. पहिल्याच दिवशी फोन जमा करतात. भाचीनं जीएसटीचं २० तारखेचं काम आटपायचं ठरवलं होतं, पण चौथ्या तिमाहीचं टीडीएसचं विवरण ३१ मेपर्यंत भरायचं असतं, तेही जायच्या आधीच उरकायला हवं हे मागाहून ध्यानात आलं. आणि बँकेचा ओटीपी? तो तिच्याच मोबाइलवर येतो! म्हणजे महिनाअखेरचे पगार अडकले असते. बँकेत दुसरा नंबर लावायला अर्ज, सही, चार खेपा, म्हणून हे महिनाभर आधी सुरू करायचं. घरी खरीच आणीबाणी आली तर केंद्राच्या ऑफिसात फोन करून निरोप देता येतो. तो नंबर तिनं अर्जातच लिहिला. "अधूनमधून फोन बघीन" असं मात्र चुकूनही कबूल करू नये. बघता येत नाही.

इतकं सगळं करूनही साहेब म्हणाले, "घरी बसून ध्यान करता येत नाही होय? पाच दिवस बिनपगारी धरतो." इथं मात्र माझं त्यांच्याशी भांडण आहे. मेहुण्याच्या लग्नाला आठ दिवस गेलेल्या माणसाला, घरीच जेवता आलं नसतं का, असं कुणी विचारत नाही. दशलक्षणाच्या दहा दिवसांत आपली माणसं उपास करून कामावर येतात तेव्हा साहेबांना त्याचं कौतुक, कारण फोन चालू असतो. मे महिन्यात काम अडतंय म्हणून तारीख बदल, असं म्हणायचा मालकाला अधिकार आहे. पण शिल्लक असलेली हक्काची रजा बाई तीर्थयात्रेत घालवते, माहेरी झोपून काढते की गप्प बसून, हे तोलायचा नाही. महाराष्ट्र शासन आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजा देतं. सीमेच्या अलीकडं खाजगी कारखान्याला तो नियम लागू नाही, पण आपलीच साठवलेली रजा मागायला नियम कशाला पाहिजे?

भाचीनं दुसरा अर्ज केला. विपश्यनेचं नाव एकदाच, बाकी तारखा, कामांची यादी, प्रत्येक कामापुढं बघणाऱ्याचं नाव आणि खाली 'शिल्लक रजा १४ दिवस'. साहेबांनी बराच वेळ वाचला आणि विचारलं, "ओटीपीचं झालं का?" झालं होतं. सही केली, सगळे दिवस पगारी.

आता सासूबाईंकडं अर्ज बाकी आहे, आणि तिथं शिल्लक रजा कुणाच्याच नावावर नसते.