टीबीच्या गोळ्या चालू असतील तर माला-एनवर विसंबू नका

टीबीचं औषध सुरू झालं की लघवी केशरी-तांबडी होते. घाटीत असो की तालुक्याच्या दवाखान्यात, औषध हातात देताना हे सांगतात, म्हणजे पेशंट घाबरत नाही. तो रंग रिफाम्पिसिनचा. हेच औषध पाळणा लांबवायच्या गोळीचा असर उतरवतं, हे मात्र पुष्कळदा सांगायचं राहून जातं. टीबीची औषधं एका ठिकाणी मिळतात, माला-एन आशाताई घरी आणून देतात. दोन्ही गोळ्या एकाच बाईच्या पोटात जातात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून बायांनो, तुम्हीच सांगा: ‘मी पाळणा लांबवायची गोळी घेते.’

रिफाम्पिसिनमुळे यकृताचं काम वाढतं आणि माला-एनमधली संप्रेरकं ठरल्या वेळेआधीच रक्तातून निघून जातात. गोळी एकही दिवस न चुकवता घेतली तरी भरवसा राहत नाही. जर्मनीतल्या डॉक्टरांच्या हे १९७१ सालीच लक्षात आलं होतं. टीबीचं हे औषध घेणाऱ्या बायकांना दोन पाळ्यांच्या मधेच अंगावरून जाऊ लागलं, आणि गोळी चालू असतानाही काहींना दिवस गेले. मधेच डाग दिसणं ही धोक्याची खूण आहे. पण डाग दिसला नाही म्हणजे गोळी लागू पडते आहे, असं समजू नका.

समजा, वाळूजला राहणाऱ्या एका दोन मुलांच्या आईचे उपचार १ जूनला सुरू झाले. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. रिफाम्पिसिन शेवटच्या दिवसापर्यंत असतंच. नोव्हेंबरअखेर कोर्स संपला, तरी यकृत पूर्वीसारखं व्हायला आणखी चार आठवडे लागतात. म्हणजे जून ते डिसेंबर असे सात महिने तिला दुसरा उपाय हवा.

तिच्यासाठी पहिली पसंती तांबीची. तांबीत संप्रेरक नसतंच, त्यामुळे रिफाम्पिसिनचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात. एक जात पाच वर्षं चालते, दुसरी दहा. मात्र टीबी गर्भपिशवीचा किंवा नळ्यांचा असेल तर तांबी बसवत नाहीत. तांबीने पाळीत जास्त जाऊ शकतं, आणि टीबीने अंगात रक्त आधीच कमी झालेलं असतं. म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

तांबी नको असेल तर अंतरा. हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन रिफाम्पिसिनसोबत चालतं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. टीबीसोबत एचआयव्हीचं एफाविरेन्झही चालू असेल, तर काहींच्या रक्तात बाराव्या आठवड्यापर्यंत औषध कमी पडल्याचं दिसलं आहे. पुढचं इंजेक्शन दोन आठवडे लवकर घेता येतं. तसं डॉक्टरांना विचारा. अंतराने पाळी अनियमित होते, बंदही होते. सोडल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. लगेच मूल हवं असेल तर हा उपाय नको.

छायात संप्रेरक नाही म्हणून ती चालेल, असं पुष्कळांना वाटतं. पण टीबीसारखा मोठा आजार असताना ती घेऊ नये, असं तिच्या सूचनांतच आहे. दंडात बसवायच्या कांडीचा असरही रिफाम्पिसिनने कमी होतो.

घरात कुणाला टीबी निघाला की धडधाकट सुनेलाही प्रतिबंधाच्या गोळ्या देतात. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे घ्यायच्या त्या गोळ्यांत रिफापेंटिन असतं. तेही रिफाम्पिसिनच्याच जातीचं आहे, तेव्हा तिनेही माला-एनवर विसंबू नये.

टीबी नाही, पण एचआयव्हीचं औषध चालू आहे, अशांचं वेगळं. एआरटी केंद्रातून हल्ली बहुतेकांना डोल्युटेग्रॅविर असलेली एकच गोळी मिळते. तिने माला-एनचा असर कमी होत नाही. जुनं एफाविरेन्झ आणि रिटोनाविर असलेली औषधं तो कमी करतात. आपलं औषध कोणतं, ते केंद्रातल्या समुपदेशकाला कार्ड दाखवून विचारा. उपाय कोणताही असो, सोबत निरोध वापराच. तांबी किंवा इंजेक्शन एचआयव्ही रोखत नाही.

निरोध फाटला किंवा राहून गेला, तर पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं सगळ्यांत खात्रीचं. तातडीची एक गोळी रिफाम्पिसिनपुढे कमी पडते. डॉक्टर काही वेळा दुप्पट मात्रा देतात, पण ती मनाने घेऊ नका.

आणि पाळी चुकली तर आशाताईंकडून तपासणीचं किट मागून घ्या. दिवस राहिले असले तरी टीबीच्या गोळ्या थांबवू नका. नेहमीची ही औषधं गरोदरपणातही देतात. उपचार अर्धवट सोडणं आई आणि बाळ दोघांनाही जास्त घातक. गोळ्या चालू ठेवूनच डॉक्टरांकडे जा.