राजीनामा बडोद्याचा आणि राजीनामा सिडनहॅमचा

गेल्या वर्षी जून महिन्यात धर्माबादचा एक तरुण कार्यकर्ता माझ्याकडे आला आणि मोबाइलवर लिहिलेला राजीनामा दाखवला. एका संस्थेत तो लिपिक आहे. घरातला पहिला कायम पगार त्याचाच. वकील व्हायचे म्हणून त्याने सामाईक प्रवेश परीक्षा दिली होती, गुणही बरे होते. राजीनामा चार पानांचा होता. पहिल्या दोन पानांत साहेबाने वेळोवेळी केलेला अपमान, तिसऱ्या पानावर संविधान आणि चळवळ, आणि चौथ्या पानाच्या शेवटी एक ओळ : "बाबासाहेबांनीही नोकरीवर लाथ मारली होती, मीही मारतो. राजीनामा तात्काळ मंजूर करावा."

मी त्याला विचारले, "बाबासाहेबांनी कोणत्या नोकरीवर लाथ मारली?" तो म्हणाला, "बडोद्याच्या." इथेच आपली गफलत होते. बाबासाहेबांनी शिक्षणासाठी सोडलेली नोकरी बडोद्याची नव्हती. ती मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातली होती. या दोन घटनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि नोकरी सोडून शिकायला निघालेल्या प्रत्येक पोराने तो समजून घेतला पाहिजे.

बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली कोलंबियाला गेले. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करायचा करार होता. 1916 साली ते लंडनला आले, तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदवले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात काय झाले ते आपल्याला पाठ आहे. राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाईसुद्धा कागद लांबून फेकत, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. ती नोकरी त्यांनी सोडली असे म्हणणे खरे नाही. जातिव्यवस्थेने त्यांना तिथून हुसकावले. हातात पैसा नव्हता, पुढची जागा नव्हती.

मुंबईला आल्यावर त्यांनी काय केले? नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नोकरी धरली. पगार महिना 450 रुपये. त्या काळी परळच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम मोठी होती. पण राहणे चाळीतच ठेवले, खर्च आवळला, रमाईंच्या हाती ठरलेली रक्कम दिली आणि उरलेले बाजूला टाकत गेले. मार्च 1920 मध्ये राजीनामा दिला आणि त्याच वर्षी जुलैत लंडनची बोट धरली.

आता हे नीट बघा. लंडन सोडताना त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. म्हणजे मुदत 1921 पर्यंत होती. ग्रेज इनमधले नाव कायम होते. म्हणजे जागा आधी पक्की होती आणि राजीनामा नंतर आला. नोकरी किती दिवस करायची हे त्या मुदतीने ठरवले.

पैशाचाही हिशेब मांडून बघा. नोव्हेंबर 1918 ते मार्च 1920 हे सोळा महिने. सोळा गुणिले 450 म्हणजे 7,200 रुपये, आणि हा झाला एकूण पगार. त्यातून घरही चालवायचे होते. म्हणजे निव्वळ शिलकीवर लंडन होणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी मित्र नवल भथेनांकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले आणि शाहू महाराजांनी मदत केली. एवढे करूनही पैसा पुरला नाही. जून 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 28 जून 1922 रोजी बॅरिस्टरी मिळाली, पण डी.एस्सी.च्या प्रबंधात परीक्षकांनी दुरुस्त्या सांगितल्या तेव्हा लंडनला थांबायला पैसे नव्हते. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला परतले, दुरुस्ती इथे बसून केली आणि पदवी त्याच वर्षी मिळाली. शिल्लक, कर्ज आणि मदत अशी तिहेरी सोय असतानाही शेवट ओढाताणीत झाला. मग ज्याने हिशेबच मांडला नाही त्याचे काय होईल?

आणखी एक गोष्ट. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू झाले तेव्हा बाबासाहेब सरकारी कॉलेजात प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे होते. म्हणजे नोकरीत असताना त्यांनी चळवळ थांबवली नाही आणि चळवळीच्या आवेशात नोकरीची शिस्तही मोडली नाही.

त्या पोराला मी एवढेच म्हटले : तुझा कागद बडोद्याचा आहे. तुला सिडनहॅमचा कागद लिहायचा आहे.

मग आम्ही बसलो. पहिला प्रश्न, नोकरी सांभाळून वकिली शिकता येणार नाही का? धर्माबादहून रेल्वेने नांदेडला रोज ये-जा करणारे पुष्कळ आहेत. पण विधी पदवीला बार कौन्सिलच्या नियमाने सत्तर टक्के हजेरी लागते. दिवसभर कचेरी करून ती हजेरी फक्त कागदावर भरता येते, आणि उद्या कोणी तक्रार केली तर पदवी आणि नोकरी दोन्ही अडचणीत येतात. आपल्या पोरांच्या बाबतीत तक्रार करायला कोणीतरी टपलेला असतोच. म्हणून नोकरी सोडणे भाग होते.

दुसरा प्रश्न तारखेचा. तो 1 ऑगस्ट 2020 रोजी कामाला लागला होता आणि जूनमध्येच "तात्काळ" राजीनामा देत होता. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षे सेवा लागते. त्याला दीड महिना कमी पडत होता. त्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 18,000 रुपये. हिशेब असा : 18,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5 वर्षे, म्हणजे सुमारे 51,900 रुपये. रागाच्या भरात लिहिलेला "तात्काळ" हा एक शब्द त्याला जवळपास बावन्न हजारांना पडणार होता. शिवाय प्रवेशाच्या फेऱ्या अजून व्हायच्या होत्या. जागा हातात नाही आणि नोकरीही नाही, अशी अवस्था झाली असती.

तिसरा प्रश्न घराचा. नांदेडला खोली आणि मेस धरून महिना सहा हजार, म्हणजे तीन वर्षांचे 2,16,000. घरी तो महिना आठ हजार देत होता, त्याचे 2,88,000. बेरीज पाच लाख चार हजार. शिल्लक एक लाख दहा हजार, त्यात ग्रॅच्युइटीचे बावन्न. हे आकडे आईसमोर वाचले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग धाकट्या भावाने घरातला निम्मा भार उचलायचे कबूल केले. तरीही दोन लाखांच्या आसपास खड्डा राहिलाच. वसतिगृह किंवा स्वाधार योजना मिळाली तर तो बराच भरतो. पण उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा लागतो आणि त्यात त्याचा पगार दिसतो. म्हणून पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळेलच असे धरायचे नाही आणि पहिले वर्ष शिलकीवर काढायचे, असे ठरले. भविष्य निर्वाह निधीला हात लावायचा नाही, हेही ठरले.

चौथा प्रश्न अपमानाचा. ती दोन पाने खोटी नव्हती. पण त्यांची जागा राजीनाम्यात नाही. तक्रार राजीनाम्यात घातली की व्यवस्थापन म्हणते, हा रागाने गेला. आणि पुढे तक्रारीची चौकशी लागली की म्हणते, हा तर शिकायला गेला, तसे त्यानेच लिहिले आहे. एका कागदात दोन कारणे घातली की दोन्ही पातळ होतात. अपमानाची तक्रार स्वतंत्र कागदावर करायची, तारीख, ठिकाण, नेमके शब्द आणि साक्षीदार यांच्यासह, आणि नोकरीत असतानाच करायची. त्याने तशी ती केली.

प्रवेश निश्चित झाल्यावर राजीनामा लिहिला तो एवढाच :

"मी दिनांक 1 ऑगस्ट 2020 पासून आपल्या संस्थेत लिपिक पदावर कार्यरत आहे. तीन वर्षांच्या विधी पदवी अभ्यासक्रमास मला पूर्णवेळ प्रवेश मिळाला असल्याने मी पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील अटीनुसार एक महिन्याची पूर्वसूचना देत असून माझा शेवटचा कामाचा दिवस महिन्याभराने, खाली नमूद केलेल्या तारखेस राहील. माझ्याकडील दप्तराची यादी करून कार्यभार सोपवण्यास मी तयार आहे. कार्यमुक्ती आदेश, अनुभव प्रमाणपत्र, ग्रॅच्युइटी व शिल्लक रजेचे देय मिळावे, ही विनंती."

दोन प्रती काढल्या. एक दिली, दुसरीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतली. शिक्क्याशिवाय दिलेला राजीनामा म्हणजे उद्या "हा न सांगता गैरहजर राहिला" म्हणायला मोकळीक. पुढची तारीख घालण्यातही अर्थ आहे. ती तारीख येण्याआधी राजीनामा मागे घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली गोपालचंद्र मिश्र प्रकरणात मान्य केले आहे. "तात्काळ" लिहून तो मंजूर झाला की हे दार बंद होते.

शासकीय नोकरीत असलेल्यांनी आणखी जपावे. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम 1982 च्या नियम 46 प्रमाणे राजीनामा दिला की मागची सेवा बुडते. तो मागे घेऊन परत रुजू व्हायची वाट आहे, पण अरुंद आहे : सक्षम प्राधिकाऱ्याची मर्जी आणि मधला खंड नव्वद दिवसांच्या आत. म्हणून आधी अध्ययन रजा किंवा असाधारण रजेचा अर्ज करावा, त्याचे लेखी उत्तर घ्यावे आणि नकार आला तरच राजीनाम्याकडे वळावे.

काही मित्र म्हणतील, एवढा हिशेब करणारा माणूस क्रांती काय करणार? माझा त्यांना उलट सवाल आहे. मराठवाड्यात स्पर्धा परीक्षेच्या नादाने हातची नोकरी सोडून पाच-पाच वर्षे अभ्यासिकेत बसलेली पोरे तुम्ही बघता ना? त्यांनाही आपण बाबासाहेबांचेच उदाहरण देतो. पण बाबासाहेब ज्याच्यासाठी गेले त्या अभ्यासाला प्रवेश होता, मुदत होती आणि शेवटी हातात पडणारी सनद होती. ज्या परीक्षेला निश्चित शेवट नाही, तिच्यासाठी सिडनहॅमचा दाखला देणे म्हणजे पोराला फसवणे आहे.

तो पोरगा आता नांदेडला आहे. ग्रॅच्युइटीसाठी त्याला दोनदा अर्ज करावा लागला, आणि दोन्ही वेळा शिक्का मारलेली ती प्रतच कामी आली. अपमानाच्या तक्रारीची चौकशी अजून रखडलेली आहे. ती तो स्वतः लढणार आहे आणि तोवर कायदाही शिकून होईल.

जय भीम!