सळई बांधली म्हणजे स्लॅब झाला नाही

गेल्या दोन महिन्यांत आपल्या मार्गदर्शन केंद्रांवरून आमच्याकडे आलेल्या मसुद्यांमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. बांधकामाचा टप्पा अर्धवट असतानाच मागणीपत्र येते, सात दिवसांची मुदत घातली जाते आणि पुढे व्याजाची ताकीद असते. ग्राहक घाबरून आपल्याकडे येतो. त्याने रागाच्या भरात लिहिलेले पत्र नीट करून देणे हे आपले काम. ते आपल्यापैकी अनेक जण फार ढिसाळपणे करत आहेत, हे सांगायलाच हवे.

पुणे परिसरातील एका प्रकल्पाचे उदाहरण घेऊ. फ्लॅटची किंमत ६४ लाख. करारनाम्याच्या परिशिष्टात बी विंगच्या प्रत्येक स्लॅबला अडीच टक्के, म्हणजे १,६०,००० रुपये, आणि ते ‘स्लॅबचे काँक्रीट पूर्ण झाल्यावर’ देय. बिल्डरने सातवा आणि आठवा अशा दोन स्लॅबचे मिळून ३,२०,००० रुपये अधिक जीएसटी मागितले. ग्राहक साइटवर गेला तेव्हा सातवा स्लॅब भरलेला होता. आठव्याचे शटरिंग लागले होते, सळई बांधली जात होती, खाली कव्हर ब्लॉक दिसत होते, काँक्रीटचा मात्र पत्ता नव्हता.

ग्राहकाने स्वतः लिहिलेल्या पत्रात ही हकिगत निदान होती. आपल्या सल्लागाराने ‘सुधारलेल्या’ पत्रात ती तिसऱ्या पानावर गेली. पहिली दोन पाने रेरा कायद्याची कलमे, फसवणुकीचा आरोप, फौजदारी कारवाईचा इशारा आणि मानसिक त्रासाच्या भरपाईने भरलेली. शेवटी वाक्य होते: ‘सबब मी आपली कोणतीही मागणी मान्य करीत नाही.’ या एका वाक्याने ग्राहकाला थकबाकीदार करून ठेवले. सातव्या स्लॅबचे पैसे खरोखरच देणे होते. कलम १९(६) नुसार वेळेवर हप्ता भरणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे आणि १९(७) प्रमाणे उशिराचे व्याज त्याला लागते. महाराष्ट्राच्या नियमांत तो दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर आणखी दोन टक्के असा आहे. शिवाय नमुना करारनाम्यात तीन हप्ते थकले तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करण्याची सोय बिल्डरला आहे. आपणच त्या तीनपैकी एक हप्ता त्याच्या पदरात टाकला.

मसुद्याला हात लावण्याआधी मागणीपत्र आणि परिशिष्ट शेजारी ठेवून शब्द न् शब्द जुळवा. परिशिष्टात ‘सुरू झाल्यावर’ असेल तर टप्पा पूर्ण झाला नाही ही हरकत टिकत नाही. तसे ग्राहकाला स्पष्ट सांगा आणि पत्र लिहूच नका. ‘काँक्रीट झाल्यावर’ असेल तर क्युअरिंग बाकी आहे किंवा टेकू अजून काढलेले नाहीत असले मुद्दे उकरू नका, कारण काँक्रीट भरले त्या दिवशी हप्ता देय झाला. नुसते ‘काम पूर्ण झाल्यावर’ असेल तर अर्थाला जागा आहे, पण नुसत्या सळईच्या जाळीला पूर्ण झालेला स्लॅब कोणीच म्हणू शकणार नाही.

मोजणीही तपासा. स्टिल्टचा किंवा पोडियमचा स्लॅब धरून आठवा, की निवासी मजल्यांचा आठवा? याच गोंधळात निम्मे वाद अडकतात. दुसऱ्या विंगचे काम पुढे गेलेले असते आणि मागणीपत्र सरसकट सगळ्यांना जाते, हेही नेहमीचेच.

आता आम्ही त्या पत्राचा गाभा कसा लिहिला ते पाहा:

‘आपले मागणीपत्र मिळाले. करारनाम्याच्या परिशिष्टानुसार प्रत्येक स्लॅबचा हप्ता त्या स्लॅबचे काँक्रीट पूर्ण झाल्यावर देय आहे. ९ मे रोजी मी साइट पाहिली. बी विंगचा सातवा स्लॅब भरलेला होता. आठव्या स्लॅबवर सळई बांधण्याचे काम चालू होते. त्या दिवशीची छायाचित्रे सोबत आहेत. सातव्या स्लॅबचा हप्ता मी आज भरत आहे. आठव्या स्लॅबचे काँक्रीट कोणत्या तारखेला पूर्ण झाले हे नमूद करणारे, बी विंगपुरते आर्किटेक्टचे प्रमाणपत्र कृपया पाठवावे. टप्पा पूर्ण झाल्यावर आपण नव्याने मागणी केल्यास करारातील मुदतीत रक्कम भरीन. तोपर्यंत ही रक्कम थकबाकी धरू नये व तिच्यावर व्याज आकारू नये.’

एवढेच. सही, फ्लॅट क्रमांक, मागणीपत्राचा क्रमांक आणि तारीख. यात आरोप नाही, कलम नाही. पण उद्या प्रकरण महारेरापुढे गेले तर पैसे द्यायला तयार असलेला ग्राहक आणि तारीख सांगायला तयार नसलेला बिल्डर, हे चित्र या एका पानावरून उभे राहते. फोटोत शेजारची इमारत किंवा विंगची पाटी यावी, नुसती सळई कोणत्याही साइटची असू शकते.

वादात नसलेली रक्कम भरताना हिशेब चोख ठेवा. १,६०,००० वर पाच टक्के जीएसटीचे ८,००० मिळवायचे, एक टक्का टीडीएसचे १,६०० वजा करायचे. बिल्डरच्या खात्यात १,६६,४०० जातील. टीडीएस वेगळा भरून त्याचे चलन पत्रासोबत द्या, नाहीतर १,६०० रुपये कमी आले म्हणून तोच हप्ता थकीत दाखवला जातो.

आता महारेराच्या पोर्टलविषयी. प्रकल्पाची माहिती तिमाहीने अद्ययावत होते, त्यामुळे मे महिन्यात ग्राहकाला दिसते ती जास्तीत जास्त मार्चअखेरची स्थिती. पैसे भरायला सात दिवसांची मुदत आणि काम किती झाले हे सांगायला तीन महिन्यांची, ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही. हप्त्याच्या प्रत्येक मागणीबरोबर आर्किटेक्टचे विंगनिहाय प्रमाणपत्र सक्तीचे करावे, ही आमची प्राधिकरणाकडे मागणी आहे. तोवर पोर्टलवरचा आकडा आजच्या स्थितीचा पुरावा म्हणून जोडू नका. मार्चअखेर सहाच स्लॅब नोंदवले असतील आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आठव्याचे पैसे मागितले असतील, तर मात्र ती विसंगती एका वाक्यात जरूर मांडा.

बँकांचा हलगर्जीपणा याहून संतापजनक आहे. गृहकर्जाचे वितरण बांधकामाच्या टप्प्यांशी घट्ट जोडलेले असावे, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बजावले आहे. तरीही अनेक शाखांत मागणीपत्र आले की रक्कम सुटते आणि न झालेल्या स्लॅबवर ग्राहकाचे व्याज चालू होते. बिल्डरला पत्र गेले त्याच दिवशी शाखेला वेगळे पत्र गेले पाहिजे: आठव्या स्लॅबची रक्कम माझ्या लेखी संमतीशिवाय आणि आपल्या मूल्यांककाच्या साइट भेटीशिवाय देऊ नये. आमच्याकडे आलेल्या मसुद्यांत बँकेला लिहिलेले पत्र जवळजवळ कुठेच नव्हते. बिल्डरला तीन पाने लिहिणाऱ्यांना बँकेला तीन ओळी लिहिता येऊ नयेत?

केंद्रचालकांना विनंती आहे की परिशिष्टाची प्रत आणल्याशिवाय कोणत्याही ग्राहकाचा मसुदा हातात घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र टाकून समाधान मानू नका. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि करारात नोंदवलेल्या ईमेलवर, असे दोन्हीकडे पाठवा. आणि हे सगळे मागणीपत्राची मुदत संपायच्या आत झाले पाहिजे. ग्राहक सहाव्या दिवशी आला असेल, तर त्याच संध्याकाळी त्याच्यासोबत बसा.