जिवंत माणसाला ‘होते’ लिहू नका

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर नुकतेच ओमानला गेले. तिथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेत त्यांना नोकरी मिळाली. निरोप समारंभात वाचून दाखवायचा आणि मग फ्रेम करून त्यांना द्यायचा मजकूर आमच्या एका तरुण सहकारी शिक्षिकेने लिहिला. मी उर्दूबरोबर मराठीही शिकवतो, म्हणून कागद माझ्याकडे आला. ‘सर, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून द्या,’ असं तिने सांगितलं. ऱ्हस्व-दीर्घ ठीकच होतं. मजकूर असा होता :

‘आदरणीय सर, आपण आमच्या शाळेत अकरा वर्षे सेवा केली. आपण अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू व शिस्तप्रिय शिक्षक होता. विद्यार्थ्यांवर आपण पोटच्या मुलांप्रमाणे प्रेम करत होता. आपल्या जाण्याने न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. आपली कमतरता आम्हाला सतत जाणवेल. आपल्या आठवणी सदैव आमच्या हृदयात राहतील.’

मी तिला म्हटलं, ‘सरांच्या नावाआधी मरहूम लाव आणि पुन्हा वाच.’ तिने वाचलं. एकही वाक्य अडलं नाही. ती कागदाकडे बघत राहिली.

यात तिचा दोष नाही. औपचारिक मराठी आपण कुठे वाचतो? वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत, शोकसभेच्या फलकावर. तिथली वाक्यं तोंडात बसतात आणि निरोपाच्या वेळी तीच बाहेर येतात. पण ही फ्रेम सरांच्या घरी भिंतीवर लागणार होती. सर जातील मस्कतला; घरात राहतील त्यांच्या अम्मी, पत्नी आणि आठवीतला मुलगा. त्या मुलाने रोज येता-जाता ‘प्रेम करत होता’ वाचायचं का? माझ्या मते निरोपाच्या मजकुरातली पहिली दुरुस्ती काळाची असते, आणि अर्धी माया तिथेच परत येते.

काळाचा हिशेब अवघड नाही. घडून संपलेली घटना साध्या भूतकाळात जाते : ‘तुम्ही जूनमध्ये रुजू झालात.’ इथे भूतकाळच हवा. ज्या कामाचा परिणाम अजून टिकून आहे, त्याला पूर्ण वर्तमानकाळ : ‘तुम्ही मुलांना शिकवलं आहे.’ शिकवणं झालं, शिकलेली मुलं आहेत. आणि माणसाचा स्वभाव साध्या वर्तमानकाळात : ‘तुम्ही शिस्तीचे आहात.’ विमानात बसल्यावर शिस्त इथे राहत नाही, ती माणसाबरोबर जाते. ‘शिस्तप्रिय होता’ म्हटलं की एक तर माणूस गेला, नाहीतर त्याची शिस्त गेली.

‘पोकळी निर्माण झाली आहे’ ही काळाची दुसरी चूक. समारंभाच्या दिवशी सर समोर खुर्चीवर बसलेले असणार. अजून गेलेच नाहीत, तर पोकळी झाली कधी? वाक्य भविष्यकाळात नेलं तरी ‘पोकळी’ हा शब्द मृत्यूलेखांनी इतका वापरला आहे की तो काढलेलाच बरा. ‘कमतरता’ मात्र उर्दूतून आली. उर्दूत ‘आप की कमी महसूस होगी’ हे गोड वाक्य आहे. मराठीत ‘कमतरता’ पाण्याची असते, रक्तातल्या लोहाची असते. माणसाची उणीव भासते, आणि त्याहून साधं म्हणजे माणसाची आठवण येते.

मग सर्वनामं. आपण उर्दू बोलणारे ‘आप’ची जागा सरळ ‘आपण’ला देतो. उर्दूतला ‘आप’ घरातही चालतो. नवरा-बायकोत, बाप-लेकात चालतो. मराठीतला आदरार्थी ‘आपण’ कार्यालयीन पत्रासारखा लांब उभा राहतो. अकरा वर्षं एका डब्यात जेवलेल्या माणसाला ‘तुम्ही’ पुरतं, आणि त्यात आदर कमी होत नाही.

‘आमच्या शाळेत’ची गोष्ट वेगळी. उर्दूचा ‘हम’ ऐकणाऱ्याला आत घेतो की बाहेर ठेवतो, हे शब्दावरून कळत नाही. मराठी इथे स्पष्ट आहे. ‘आम्ही’ म्हणजे तुम्हाला सोडून, ‘आपण’ म्हणजे तुम्हाला धरून. ‘आमच्या शाळेत’ लिहिलं की सर जाण्याआधीच फाटकाबाहेर गेले. ‘आपल्या शाळेत’ लिहिलं की शाळा अजून त्यांचीही आहे. म्हणजे ‘आपण’ हवाच होता, फक्त चुकीच्या जागी बसला होता.

राहिली माया. ती विशेषणांनी वाढत नाही. मनमिळाऊ, कष्टाळू, शिस्तप्रिय हे तीन शब्द कुठल्याही शिक्षकाला लागतात, त्यामुळे कुणालाच लागत नाहीत. मी तिला विचारलं, ‘सर म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर काय येतं?’ ती लगेच म्हणाली, ‘प्रयोगशाळेची किल्ली.’ मग आम्ही बसून लिहिलं :

‘सर, अकरा वर्षांपूर्वी जूनमध्ये तुम्ही आपल्या शाळेत रुजू झालात. तेव्हापासून प्रयोगशाळेची किल्ली तुमच्या खिशात आणि दार मुलांसाठी उघडं, असंच आम्ही बघत आलो आहोत. दहावीतल्या विज्ञानाला घाबरणाऱ्या मुलांना तुम्ही शाळा भरण्याआधी तासभर लवकर येऊन शिकवलं आहे. तुम्ही कमी बोलता, पण चुकलेला प्रयोग पुन्हा करायला कधी नाही म्हणत नाही. उद्यापासून किल्ली दुसऱ्या कुणाकडे असेल. अडलं की फोन मात्र तुम्हालाच येईल. घरी काही लागलं तर आमचे नंबर अम्मींकडे आहेत. जुलैत तुमच्याकडे सुट्टी असेल, इथे शाळा भरलेली असेल. आलात तर नववीचा एक तास तुमचा. फी अमानिल्लाह. भेटू.’

यातल्या नंबरच्या वाक्यावर आम्ही थांबलो. तोवर कुणी नंबर दिलेच नव्हते. न केलेलं काम ‘आहे’ म्हणून लिहिणं हीसुद्धा काळाचीच चूक. त्या संध्याकाळी आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो, अम्मींच्या वहीत तीन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिले आणि मगच वाक्य ठेवलं. जुलैबद्दलही ‘नक्की या’ असं आम्ही लिहिलं नाही. पहिल्या वर्षी सुट्टी, तिकीट, पैसे यांचं काय होईल, हे जाणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ‘आलात तर’ या दोन शब्दांत बोलावणं आहे आणि न येण्याची मोकळीकही.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हा मजकूर हलका वाटला. ‘निरोपात थोडं भारदस्तपण हवं,’ असं त्यांचं मत. मला ते पटत नाही. घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हटलं की आई रागावते, ‘येतो म्हण’ म्हणते. मराठी घरात हे चालतं, आणि आमच्याही घरांत मराठी बोलताना असंच चालतं. जाणाऱ्याच्या तोंडी येण्याचं क्रियापद देणाऱ्या भाषेत, राहणाऱ्यांनी त्याला ‘होते’ करून टाकणं हे भारदस्तपण नव्हे.

समारंभात मजकूर त्या शिक्षिकेनेच वाचला. किल्लीच्या वाक्याला सरांचा हात नकळत खिशाकडे गेला. किल्ली अजून तिथेच होती. द्यायची राहिली होती.