कोड खरा, डबा खोटा

माझ्या रूममेटने दिवाळीच्या सुट्टीनंतर जिम लावली आणि तिसऱ्या आठवड्यात प्रोटीनचा डबा आणला. इम्पोर्टेड व्हे, चॉकलेट फ्लेवर, २.२७ किलो. दुकानापेक्षा दीड हजार कमी, कारण जिममधल्या ट्रेनरची 'डायरेक्ट ओळख'. बिल नाही. बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल, असं त्याला सांगण्यात आलं. तरी पठ्ठ्याने काळजी घेतली होती. स्टिकर स्क्रॅच केला, शेजारचा क्यूआर स्कॅन केला, मोबाइलवर हिरवी टिक आणि 'ओरिजिनल' असं आलं. मग सील फाडून पहिला शेक तिथेच प्यायला.

पाच दिवसांनी आम्ही तेच परत केलं, पण क्यूआरला हात न लावता. कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप केला आणि कोड भरला. उत्तर आलं, हा कोड याआधी अनेकदा तपासला गेला आहे. पहिली तारीख आम्ही डबा घेण्याच्या चार महिने आधीची होती! मग डब्याच्या तळाचा बॅच नंबर, एक्स्पायरी आणि लेबल यांचे फोटो काढून इम्पोर्टरला मेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं: हा बॅच नंबर आमचाच आहे, पण त्या बॅचमध्ये व्हॅनिला भरलं होतं.

या एका मेलमध्ये अख्खा धंदा कळतो. नकली माल बनवणारा नंबर मनाने रचत नाही, खऱ्या डब्यावरून उचलतो. म्हणून 'कोड खरा निघाला' याचा अर्थ फक्त तो नंबर खरा आहे एवढाच. डब्यात काय आहे, ते नंबरला माहीत नसतं.

इथे बहुतेकांचा एक घोळ होतो. बॅच नंबर आणि स्क्रॅच कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅच म्हणजे एका वेळी, एकाच मिश्रणातून भरलेला माल. त्यामुळे हजारो डब्यांवर तोच नंबर असणं अगदी नॉर्मल आहे. पण चॉकलेट आणि व्हॅनिला एका बॅचमध्ये भरत नाहीत. दुकानात दोन वेगळ्या फ्लेवरचे डबे उलटे करून बघा. दोन्हींवर तोच बॅच आणि तीच तारीख असेल, तर तिथून सरळ बाहेर पडा. यासाठी मोबाइलही लागत नाही.

स्क्रॅच कोड मात्र प्रत्येक डब्याला वेगळा असतो, म्हणून त्याची पहिली तपासणीच महत्त्वाची. थर आधीच खरवडलेला असेल किंवा 'आधी तपासलेला' असं उत्तर आलं, तर डबा घ्यायचा नाही. दुकानदार काहीही सांगो. छापलेला क्यूआर तर कोणालाही बनवता येतो. तो तुम्हाला कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदललेल्या साइटवर नेतो, आणि तिथे कुठलाही कोड टाका, टिक हिरवीच येते. रूममेटच्या बाबतीत हेच झालं.

सीलचंही थोडं तसंच आहे. झाकणाखालचं चंदेरी फॉइल उष्णतेने डब्याच्या काठाला चिकटवलेलं असतं. ते सहसा जोर लावल्यावरच निघतं, फाटतं किंवा काठावर पातळ थर सोडतं. गोंदाचे धागे दिसले, एकच बाजू सैल असली किंवा फॉइल अलगद सुटून आलं, तर शंका घ्या. पण हे सील मारायचं हातातलं मशीन बाजारात कोणालाही विकत मिळतं. म्हणजे सील तुटलेलं असेल तर डबा नक्कीच नको, आणि सील शाबूत असेल तर ते मारल्यावर कोणी उघडलं नाही, इतकंच कळतं. ते कोणी मारलं, हे कळत नाही. (पाण्यात पटकन विरघळलं म्हणजे ओरिजिनल, या जिममधल्या टेस्टबद्दल तर बोलायलाच नको. पावडर विरघळावी म्हणून त्यात लेसिथिन घालतात, आणि ते नकलीवालाही घालू शकतो.)

मग उरतो विकणारा, आणि माझ्या मते खरी तपासणी इथेच आहे. इम्पोर्टेड डब्यावर भारतातल्या इम्पोर्टरचं नाव, पत्ता, रुपयांतली एमआरपी आणि १४ आकडी एफएसएसएआय लायसन्स नंबर लागतो. तो नंबर 'फूड सेफ्टी कनेक्ट' अ‍ॅपवर टाका. येणारं नाव स्टिकरवरच्या इम्पोर्टरचंच आहे का, ते बघा. मग त्या ब्रँडच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल तर ती उघडा. ऑनलाइन घेताना अ‍ॅप कितीही मोठं असो, खाली बारीक अक्षरात 'सोल्ड बाय' कोण आहे ते वाचा, कारण माल अ‍ॅपचा नसून त्या विक्रेत्याचा असतो. आणि बिलावर बॅच नंबर लिहून मागा. जो दुकानदार तो लिहून देतो, तो त्या डब्याची जबाबदारी घेतो. 'ओळखीतला' माणूस नेमकं तेच टाळतो.

आमच्याकडे बिल नव्हतं आणि सील फाटलेलं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करायची तरी कोणाविरुद्ध? ट्रेनर म्हणाला, 'भावा, मी फक्त मध्ये होतो.' अन्न सुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार साधा ग्राहकही फी भरून अन्नाचा नमुना सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि नमुना कायद्याला धरून नसल्याचं निघालं तर फी परत मिळते. पण अट अशी की, तपासून घेणार हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगायला हवं. एकवीस वर्षांचा पोरगा काउंटरवर उभा राहून हे कसं सांगणार?

म्हणून तक्रार कंपन्यांबद्दलही आहे. हिरवी टिक दाखवून त्या मोकळ्या होतात. कोड टाकल्यावर त्या डब्याचा फ्लेवर, वजन, बॅच, एक्स्पायरी आणि पहिल्या तपासणीची तारीख समोर आली, तर चॉकलेटच्या डब्यावरचा व्हॅनिलाचा नंबर तिथल्या तिथे पकडला जाईल. ही माहिती कंपनीकडे असतेच. आम्हाला ती मेल करून, दोन दिवस थांबून मिळाली. इन्फॉर्म्ड स्पोर्ट हा शिक्का असलेल्या उत्पादनांची प्रत्येक बॅच बंदी असलेल्या द्रव्यांसाठी तपासली जाते आणि बॅच नंबर त्यांच्या साइटवर शोधता येतो. विद्यापीठाकडून खेळणाऱ्यांनी तर हे बघाच, कारण डोपिंगमध्ये 'पावडर नकली होती' म्हणून सुटका होत नाही. अर्थात तिथेही डबा खरा असेल तरच त्या बॅचचा उपयोग.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. खरा रिकामा डबा, झाकण आणि लेबलसकट, नकली माल भरणाऱ्याला सोन्यासारखा. म्हणून डबा संपला की लेबल फाडायचं, कोड मार्करने खोडायचा आणि तळाला भोक पाडायचं, मगच तो भंगारात.

रूममेटचा डबा अजून पलंगाखाली आहे, पावणेदोन किलो भरलेला. काल मेसमध्ये तो उसळीची दुसरी वाटी घेताना दिसला.