ॲप म्हणालं ‘८१ टक्के टाकळा’. मग भाजी करायची का?

पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात आईचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. सोसायटीच्या मागच्या उतारावर वीतभर उंचीची हिरवी रोपं उगवली होती. खाली मजकूर : ‘टाकळाच ना रे? ॲप ८१ टक्के म्हणतंय. उद्या भाजी करते.’ सोबत ॲपचा स्क्रीनशॉट. पहिलं नाव Senna tora, ८१ टक्के. त्याखाली Senna occidentalis, ११ टक्के. उरलेले टक्के आणखी दोन-तीन नावांत वाटलेले.

पहिलं नाव म्हणजे आपला टाकळा, विदर्भातला तरोटा. दुसरं म्हणजे कासविंदा, ज्याला काही भागांत रानटाकळाही म्हणतात. दोन्ही एकाच गटातल्या, दोन्हींना पिवळी फुलं येतात आणि दोन्ही पावसाळ्यात रस्त्याकडेला, पडीक जमिनीवर उगवतात. फरक असा, की टाकळ्याचा कोवळा पाला आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, तर कासविंद्याच्या बिया मुलांच्या जिवावर बेतल्या आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात सहारनपूरच्या परिसरात लहान मुलं दरवर्षी ज्या आजारानं दगावत होती, तो बराच काळ मेंदूज्वर समजला गेला. पुढे डॉक्टरांनी माग काढला, तेव्हा मुलांनी कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाल्ल्याचं समोर आलं. ओडिशाच्या मलकानगिरीत २०१६ मध्ये शंभरहून अधिक मुलं दगावली, तेव्हाही तज्ज्ञांनी या झाडाकडे बोट दाखवलं.

कासविंद्याचा पाला काही ठिकाणी शिजवून खाल्लाही जातो. त्यामुळे त्या भाजीनं आमच्या घरी हाहाकार उडालाच असता, असं मी म्हणणार नाही. पण आईला खायचा होता टाकळा आणि तिनं विश्वास ठेवला होता एका आकड्यावर. म्हणून तो आकडा नेमकं काय सांगतो, हे पाहायला हवं.

फोटो काढल्यावर आत काय होतं?

ॲपकडे वनस्पतिशास्त्राचं पुस्तक नसतं. ‘पानाला किती जोड्या आहेत, देठावर गाठ आहे का’ असे प्रश्न ते एकामागून एक विचारत नाही. त्याला हजारो जातींचे, नावं लावलेले लाखो फोटो दाखवून शिकवलेलं असतं. त्यातून कडा, पोत, रंग, आकार यांचे कोणते मेळ कोणत्या नावासोबत येतात, हे त्यानं स्वतःच बसवलेलं असतं. आपण फोटो दिला की तो आधी लहान केला जातो, बहुतेकदा बाजूला काहीशे ठिपके उरतील इतका. मग प्रत्येक नावासाठी एक कच्चा गुण निघतो.

हे गुण टक्क्यांत बदलण्याची पद्धत समजली की निम्मा गोंधळ संपतो. समजा यादीत तीनच झाडं आहेत आणि कच्चे गुण टाकळा ४, कासविंदा ३ आणि तिसरं काहीतरी १ असे आले. ॲप या गुणांचं घातांकी रूप घेतं आणि सगळ्यांची बेरीज शंभर होईल असे वाटे करतं. टाकळ्याला साधारण ७१, कासविंद्याला २६ आणि तिसऱ्याला ३ टक्के मिळतात. कच्च्या गुणांत फरक फक्त एकाचा होता, पण स्क्रीनवर ७१ विरुद्ध २६ दिसलं की निकाल एकतर्फी वाटतो.

यातली दुसरी गोम अधिक महत्त्वाची आहे. बेरीज शंभर करायचीच असते, म्हणून तुमचं झाड यादीत नसलं तरी ते शंभर टक्के यादीतल्याच नावांत वाटले जातात. ‘हे मला माहीत नाही’ असा पर्याय वेगळा शिकवलेला नसेल, तर ॲप माहीत असलेल्यांपैकी सर्वांत जवळचं नाव देतं. म्हणजे ८१ टक्क्यांचा अर्थ ‘हा टाकळा असण्याची शक्यता ८१ टक्के’ असा सरळ होत नाही. ‘मला ठाऊक असलेल्या झाडांपैकी हा फोटो टाकळ्याच्या फोटोंशी सर्वांत जास्त जुळतो’ इतकाच तो होतो.

मग आकडा खोटा असतो का?

खोटा नाही, पण त्याची पारख करावी लागते. ज्या शंभर उत्तरांवर ८० टक्के लिहिलं होतं, त्यांतली साधारण ८० बरोबर निघाली, तर तो आकडा प्रामाणिक म्हणायचा. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की आधुनिक खोल न्यूरल नेटवर्क अनेकदा गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वास दाखवतात. हा दोष दुरुस्त करता येतो, पण तुमच्या फोनमधल्या ॲपनं तो केला आहे का, हे स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नसतं.

दुरुस्ती केली असली तरी ती सरासरीची असते. लोक फोटो काढतात ते मुख्यतः फुलाचे, कारण फूल नजरेत भरतं. शिकवणीच्या फोटोंतही त्यामुळे फुलांची गर्दी असते. टाकळा मात्र आपण फूल येण्याआधी, कोवळा असताना खुडतो. म्हणजे ज्या अवस्थेत आपल्याला उत्तर हवं असतं, नेमक्या त्याच अवस्थेचे फोटो ॲपनं कमी पाहिलेले असतात. त्यात टाकळ्याच्या जवळच्या जातींत खुद्द माणसांनीच नावांची गल्लत करून ठेवलेली आहे. Senna tora आणि Senna obtusifolia या दोघी अनेक ठिकाणी एकच समजल्या गेल्या. फोटोला लावलेलं नावच चुकलं असेल, तर शिकणाराही तीच चूक शिकतो.

आईच्या फोटोचं पुढे काय झालं?

तिचा फोटो उभ्यानं, वरून काढलेला होता. त्यात कोवळ्या शेंड्याची दाटी होती आणि एकही पान पूर्ण दिसत नव्हतं. मी तिला सांगितलं, सर्वांत मोठं पान देठासकट तोड, पांढऱ्या कागदावर ठेव आणि तीन फोटो काढ : एक पूर्ण पानाचा, एक पर्णिकेच्या टोकाचा, एक देठाच्या बुडाचा.

काय शोधायचं, हे वनस्पतींच्या वर्णनांत स्पष्ट असतं. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या सहसा तीन जोड्या असतात आणि पर्णिका टोकाकडे रुंद, गोलसर होत जाते. कासविंद्यात बहुधा चार ते सहा जोड्या असतात आणि पर्णिका टोकाला निमुळती. रोप लहान असताना जोड्या कमी असू शकतात, म्हणून मोठं पान हवं. तिसरी खूण सर्वांत पक्की. दोघांच्याही पानावर बारीक ग्रंथी असतात. टाकळ्यात त्या खालच्या पर्णिकांच्या जोड्यांमध्ये, बारीक टोकासारख्या उभ्या दिसतात. कासविंद्यात ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, छोट्या गाठीसारखी असते. वासावर मात्र जाऊ नका, पाला चुरगळला की उग्र वास दोघांनाही येतो.

आईच्या कागदावरच्या पानाला पाच जोड्या होत्या, टोकं निमुळती होती आणि देठाच्या बुडाशी काळपट गाठ होती. हेच तीन फोटो त्याच ॲपला एकत्र दिले, तेव्हा कासविंदा ६४ आणि टाकळा २२ टक्के असं उत्तर आलं. झाड तेच, ॲप तेच, फक्त पुरावा बदलला. पाला उकिरड्यावर गेला आणि टाकळा दुसऱ्या दिवशी बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या मावशींकडून आला. आईनं त्यांना देठ दाखवून विचारलं, तर त्या हसल्या : ‘ताई, आम्ही तो दुरूनच सोडतो.’

शंका कधी घ्यायची?

पहिल्या उत्तरावर थांबू नका, दुसरं नाव वाचा. दोन्ही नावांचा पहिला शब्द एकच असेल, तर ॲपला गट कळला आहे, पण जात ठरवता आलेली नाही. आईच्या पहिल्या फोटोत Senna या शब्दाची बेरीज ९२ टक्के होती आणि तेवढं उत्तर अगदी बरोबर होतं. चूक पुढच्या पायरीवर झाली.

दुसरी परीक्षा म्हणजे फोटो बदलून पाहणं. वेगळ्या अवयवाचा फोटो दिल्यावर नाव बदललं, तर आधीचा आकडा कितीही मोठा असो, तो सोडून द्या. मात्र एकाच पानाचे त्याच कोनातून काढलेले पाच फोटो म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत, तो एकच साक्षीदार पाचदा बोलतोय. संध्याकाळी फोटो काढत असाल तर हेही लक्षात ठेवा, की टाकळ्याची पानं अंधारताना मिटतात आणि मग आकार ओळखणं आणखी अवघड होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे चुकीची किंमत. कुंडीतल्या झाडाचं नाव हवं असेल, तर ८१ टक्के पुष्कळ झाले. तोंडात घालायचं असेल तर ९५ टक्केही कमीच, कारण उरलेल्या पाचांत काय आहे, यावर सगळं अवलंबून असतं. त्या पाचांत दुसरी पालेभाजी असेल तर भाजी फार तर कडवट होईल. विषारी झाड असेल तर दवाखाना गाठावा लागेल.

ॲपवाल्यांनी काय करावं?

ही ॲप वाईट आहेत, असं माझं म्हणणं नाही. फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी उभं केलेलं प्लांटनेट पान, फूल, फळ, साल असे वेगवेगळे फोटो एकत्र घेतं. आयनॅचरलिस्टचं सीक खात्री नसेल तर जातीचं नाव न देता गट किंवा कूळ सांगून थांबतं. अनेकांना ते अर्धवट उत्तर वाटतं. मला ते सर्वांत प्रामाणिक वाटतं.

माझा आक्षेप आहे तो उत्तराच्या मांडणीवर. पहिलं नाव मोठ्या अक्षरांत, शेजारी हिरवी खूण आणि काही ॲपमध्ये लगेच खाली ‘खाण्यायोग्य’ अशी माहिती. वापरणारा तिथेच थांबतो. त्याऐवजी दुसऱ्या क्रमांकाचं झाड विषारी असेल, तर ते पहिल्याइतक्याच ठळकपणे दिसलं पाहिजे आणि ‘फरक ओळखण्यासाठी देठाच्या बुडाचा फोटो द्या’ अशी मागणी ॲपनंच केली पाहिजे. कोणत्या दोन नावांत आपण अडकलो आहोत, हे त्याला टक्क्यांवरून आधीच कळलेलं असतं.

तोपर्यंत हा भार आपल्यावर आहे. ॲपनं दिलेलं नाव हा शोधाचा पहिला धागा समजा. त्या नावाच्या खुणा वाचा, त्या झाडावर डोळ्यांनी तपासा आणि खायचंच असेल तर ती भाजी वर्षानुवर्षं खुडणाऱ्या माणसाला दाखवा. अनोळखी पाला किंवा बिया खाल्ल्यावर उलट्या किंवा ग्लानी आली, विशेषतः लहान मुलाला, तर ॲप उघडत बसू नका. झाडाची फांदी पिशवीत घाला आणि थेट दवाखाना गाठा.