मेहरचं वाक्य वर घ्या

गेल्या आठवड्यात एका वकील मैत्रिणीचा लेख आमच्याकडे आला. विषय १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याचा. माहिती चोख होती, तरीही मी तो तसाच लावला नाही. का, ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बरेच जण आमच्यासाठी लिहितात.

लेख तपासताना मी आधी वाचणारी व्यक्ती ठरवतो. इथे मी मालेगावची बावीस वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणली. तिची मोठी बहीण अडीच वर्षांपासून माहेरी आहे, नवरा खर्चपाणी देत नाही आणि तलाकही देत नाही. ही मुलगी मोबाइलवर लेख उघडणार आणि कामाचं काही दिसतंय का, हे घाईत पाहणार.

मग लेखाचे पहिले तीन परिच्छेद पाहिले. निकाह हा करार आहे, मेहर म्हणजे काय, इद्दत म्हणजे काय. हे त्या मुलीला लहानपणापासून माहीत आहे! हा मजकूर आपल्या समाजाबाहेरच्या वाचकासाठी लिहिला गेला होता. उलट ‘सक्षम न्यायालयात वाद दाखल करावा’ हे एका ओळीत उरकलं होतं. तिला अडणार ते इथेच. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे त्यात, नसेल तिथे दिवाणी न्यायालयात जायचं, हे सांगायला हवं होतं. म्हणून ते तीन परिच्छेद काढले आणि त्या ओळीचा परिच्छेद केला.

लेखातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मात्र शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होतं. या कायद्याखाली पत्नीने तलाक मागितला, तरी मेहरवरचा तिचा हक्क या कायद्याने जात नाही (कलम ५). खुला घेताना मेहर सोडावा लागतो, हे घराघरात ऐकलेलं असतं. त्यामुळे कोर्टातही तेच होईल या भीतीने किती जणी गप्प बसतात. हे वाक्य मी वर आणलं आणि त्याला उपमथळा दिला : ‘मेहरचा हक्क या कायद्याने जात नाही’.

मथळा होता ‘मुस्लिम स्त्री आणि वैवाहिक न्याय : एक चिंतन’. यात बहिणीची अडचण कुठेच नाही. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवलं, ‘खर्च बंद केला? मग तलाक तुमचाच!’ लोक उघडतील खरं, पण हे खोटं आहे. दोन वर्षं खर्चपाणी दिलेलं नसेल तर मागणी करता येते. निर्णय कोर्ट देतं. शेवटी ठरलं : ‘दोन वर्षं खर्च नाही? मुस्लिम पत्नी कोर्टातून तलाक मागू शकते’. ‘मागू शकते’ हे क्रियापद मी हट्टाने ठेवलं. अट पहिल्याच शब्दांत घेतली, कारण व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली की लांब मथळ्याचं शेपूट कापलं जातं. लिंक स्वतःलाच पाठवून पाहा, लगेच कळेल.

२००६ मध्ये याकोब नीलसन यांनी २३२ लोकांची नजर पडद्यावर कशी फिरते, ते नोंदवलं. वरच्या एकदोन ओळी लोक आडव्या वाचतात, मग नजर डाव्या कडेने खाली घसरते. (उर्दूत हाच आकार उलटा, उजव्या कडेने.) आपल्या मराठीची अडचण अशी, की क्रियापद शेवटी येतं आणि सुरुवातीला ‘या संदर्भात असे म्हणता येईल की’ बसतं. म्हणून प्रत्येक परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द मी वेगळे वाचतो. त्यानंतर मथळा आणि फक्त उपमथळे. तेवढ्यावरून गोष्ट कळली नाही, तर उपमथळे नुसती सजावट आहेत.

पण वरवर चाळणाऱ्याची दिशाभूलही होऊ शकते. लेखात एक वाक्य होतं : ‘नवरा बेपत्ता, खर्च नाही, तुरुंगवास असल्यास अनुक्रमे चार, दोन, सात वर्षे.’ घाईत वाचणाऱ्याला वाटेल, नवरा सात वर्षं तुरुंगात राहीपर्यंत थांबायचं. कायदा तसं म्हणत नाही. शिक्षा सात वर्षांची किंवा जास्त झालेली असावी आणि ती अंतिम झालेली असावी. म्हणून ‘अनुक्रमे’ उडवला आणि प्रत्येक कारण आपल्या अटीसह वेगळ्या ओळीत घेतलं. ठळक अक्षरंही अटीसकट; नुसतं ‘तलाक मागता येतो’ कुठेही ठळक नाही.

मैत्रीण थोडी नाराज आहे. तिच्या मते ‘चिंतन’ गेलं, लेखाचं वजन गेलं. तिच्या चिंतनाचा भाग खरंच चांगला आहे. तो पुढच्या अंकात स्वतंत्र येईल, तेव्हा वाचक दुसरा ठरवू.